बुधवारची पंचवीस मिनिटं

१२ मार्च २०२५, बुधवार, संध्याकाळचे साडेसहा. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये आम्ही पाच जण बसलो होतो. पडद्यावर जर्मनीतले दोघे दिसत होते. न्यू जर्सीच्या दोघांच्या चौकटी मात्र रिकाम्याच. दहा मिनिटं वाट पाहिली, मग मी चॅटवर विचारलं. उत्तर आलं, "आमची नऊची रोजची बैठक चालू आहे. तुमची तर आठला असते ना?"

आमच्याकडे काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं त्यांचं घड्याळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, तो रविवार त्या वर्षी ९ मार्चला आला होता. आमची बैठक भारतीय वेळेनुसार साडेसहाला बांधलेली, त्यामुळे न्यू जर्सीत ती आठवरून नऊवर सरकली आणि थेट त्यांच्या रोजच्या बैठकीवर जाऊन आदळली.

आमची टीम नऊ जणांची. पुण्यात पाच, जर्मनीत दोन, न्यू जर्सीत दोन. गोदामात माल मोजायला जे हातातले स्कॅनर वापरतात, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. स्कॅनरच्या आतला भाग जर्मनीकडे, ग्राहकाशी बोलणं न्यू जर्सीकडे आणि बाकीचं बहुतेक काम आमच्याकडे. दर गुरुवारी नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाते. त्या बुधवारी लेबलच्या आकाराचा एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर न्यू जर्सीच्या दोघांनाच माहीत होतं. ते आले नाहीत, बदल राहून गेला, ग्राहकाला आणखी आठवडाभर थांबावं लागलं. मला ते फार लागलं, कारण काम पूर्ण तयार होतं.

"तू वेळ बदलून टाक ना," असं सगळे मला म्हणाले. मला बदलता येईना. ही बैठक ज्यांनी बसवली होती ते आमचे टीम लीड फेब्रुवारीअखेर नोकरी सोडून गेले होते. कॅलेंडरमध्ये आयोजक म्हणून अजून त्यांचंच नाव होतं. आउटलुकमध्ये बैठकीची मूळ प्रत आयोजकाकडे असते, बाकीच्यांकडे असतात त्या फक्त नकला. मी माझ्याकडून ती काढली तर माझी नक्कल जाते, उरलेल्या आठ जणांकडे बैठक तशीच राहते. आमच्याकडच्या आउटलुकमध्ये आयोजकाचं नाव बदलायचीही सोय नव्हती. (गूगल कॅलेंडरमध्ये मालकी दुसऱ्याकडे सोपवता येते, पण तेही सध्याच्या मालकाने स्वतः जायच्या आधी किंवा आयटीने त्याचं खातं हटवताना करायचं असतं.)

तीन आठवडे आम्ही कसंबसं चालवलं. न्यू जर्सीचे दोघे आळीपाळीने दहा मिनिटं डोकावून जायचे. मग ३० मार्चला जर्मनीचंही घड्याळ पुढे गेलं आणि त्यांची दोनची बैठक तीनला आली. तेव्हा मी आमच्या मॅनेजरना सांगितलं की ही मालिका बंद करून नवी बसवते आणि तिची जबाबदारी माझी. ते हो म्हणाले.

२ एप्रिलला मी आयटी विभागातल्या सहकाऱ्याकडे गेले. त्याने पहिला प्रश्न विचारला, "त्यांचं खातं कधी बंद झालं?" मी म्हटलं, २८ फेब्रुवारीला. तो म्हणाला, "अगं, चार दिवस आधी यायचं." हटवलेलं खातं तीस दिवसांपर्यंत परत आणता येतं. तोवर मी गेले असते, तर त्याने मेलबॉक्स परत आणून `Remove-CalendarEvents` ही एकच आज्ञा चालवली असती आणि त्या माणसाने बोलावलेल्या पुढच्या सगळ्या बैठका सगळ्यांच्या कॅलेंडरमधून रीतसर रद्द झाल्या असत्या. आता तो दरवाजा बंद झाला होता. उरला तो लांबचा रस्ता: नऊही जणांनी आपापली नक्कल हाताने काढायची आणि मीटिंग रूमच्या कॅलेंडरमधली नोंद आयटीने काढायची. ही शेवटची गोष्ट मला सुचलीही नसती. रूमलाही स्वतःचं कॅलेंडर असतं, माणूस गेला तरी त्याने अडवलेली रूम अडलेलीच राहते. पूर्वीच्या काही बैठकांमुळे दोन रूम कित्येक महिने अशाच अडून बसल्या होत्या आणि लोक रूम मिळत नाही म्हणून जिन्यात उभं राहून फोनवर बोलत होते, हे त्याने मला त्या दिवशी दाखवलं.

नव्या बैठकीसाठी बसले तेव्हा कॅलेंडर उघडायच्या आधी मी आमच्या ग्रुपच्या चॅटमधले मागचे दहा आठवडे वाचून काढले. ज्या प्रश्नाला तिन्ही ठिकाणच्या माणसांनी एकत्र बसल्याशिवाय उत्तर मिळत नाही, असे प्रश्न वेगळे काढले. आठवड्याला साधारण चार-पाच निघाले. बाकीचे सगळे दोघातिघांत चॅटवर सुटण्यासारखे होते आणि सुटतही होते.

बैठक किती दिवसांनी हवी हे त्यातूनच ठरलं. पंधरवड्याने घेतली तर एक प्रश्न दोन गुरुवार लटकतो. आठवड्यातून दोनदा घेतली तर एकेका वेळी दोनच प्रश्न, त्यासाठी नऊ माणसांना उठवायचं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा. आणि वार बुधवारच, कारण गुरुवारची आवृत्ती बुधवारी रात्री बांधली जाते. सोमवारपर्यंत प्रश्न पुरते वर आलेले नसतात, गुरुवारी फार उशीर होतो.

जुनी बैठक साठ मिनिटांची होती. मी हिशेब केला: पाच प्रश्न, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे वीस. शेवटी कोण काय करणार हे मोठ्याने वाचायला पाच. झाली पंचवीस मिनिटं. तीस लिहायचा मोह होता, कारण कॅलेंडर आपणहून तीसच सुचवतं. पण न्यू जर्सीत नऊला पुढची बैठक असते, आणि साडेआठ ते नऊ अशी वेळ दिली की त्यांना पाणी प्यायलाही वेळ उरत नाही. शिवाय नऊला संपणारी बैठक नऊ वाजून तीन मिनिटांनी संपते, हे सगळ्यांना माहीत आहे. आउटलुकमध्ये बैठक पाच मिनिटं आधी संपवायची सेटिंग आहे, ती मी लावून टाकली.

आता वेळ. इथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला, आणि परदेशातल्या लोकांबरोबर काम करणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर सांगते.

भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही. जर्मनीचं वर्षातून दोनदा हलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिकेचंही दोनदा हलतं, पण वेगळ्या रविवारी: मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे वर्षातले तीन-चार आठवडे असे येतात की अमेरिका हललेली असते आणि जर्मनी नाही, किंवा उलट. तीन देशांतली बैठक सगळ्यांच्या घड्याळात वर्षभर एकाच वेळी राहूच शकत नाही. ती एकाच्या घड्याळाला बांधावी लागते आणि बाकीच्यांकडे ती सरकते. कुणाच्या घड्याळाला बांधायची, एवढंच आपल्या हातात असतं.

पुण्याला बांधायची हा पहिला विचार, कारण आम्ही पाच जण. पण मार्चमध्ये नेमकं तेच बिघडलं होतं. मग जर्मनी, कारण ते मधले. पण त्यांची दुपार मोकळीच असते, दीड असो की अडीच, त्यांना फरक पडत नव्हता. ज्याला फरक पडत नाही त्याच्या घड्याळाला बांधण्यात काय अर्थ? सगळ्यात कमी जागा न्यू जर्सीकडे होती. एक जण सव्वाआठला मुलाला शाळेत सोडून येतो आणि नऊला रोजची बैठक सुरू होते. मधला अर्धा तास सोडला तर त्यांच्याकडे आमच्या रात्रीपर्यंत काहीच मोकळं नाही. म्हणून बैठक त्यांच्या घड्याळाला बांधली: न्यू जर्सीची सकाळ साडेआठ ते आठ पंचावन्न. उन्हाळ्यात ती जर्मनीत अडीचला आणि पुण्यात संध्याकाळी सहाला येते. हिवाळ्यात जर्मनीत अडीचच, पुण्यात सात. आणि मधल्या विचित्र आठवड्यांत जर्मनीत दीड, पुण्यात सहा.

हिवाळ्यातले सात आमच्या वाट्याला येणार हे मला तेव्हाच दिसत होतं. ते मी लपवलं नाही. पहिल्या निमंत्रणातच लिहिलं की ५ नोव्हेंबरपासून पुण्यात ही बैठक सातला असेल. सहा महिने आधी सांगितलं की माणूस त्याची तजवीज करू शकतो.

निमंत्रण पाठवलं, तर पाच मिनिटांत मीटिंग रूमने नकार दिला. मी शेवटची तारीखच टाकली नव्हती, जुन्यासारखी कायमची ठेवली होती. आयटीतल्या त्याच सहकाऱ्याने सांगितलं की रूमची कॅलेंडरं मुळातच १८० दिवसांपुढची नोंद घेत नाहीत आणि मालिका त्यापलीकडे जात असेल तर पूर्ण मालिकाच नाकारतात. मला आधी त्रास झाला, मग पटलं. सहा महिन्यांनी बैठक आपोआप संपली की ती अजून हवी आहे का, एवढाच दिवस पुरेल का, कोण चालवणार, हे विचारावंच लागतं. म्हणून ९ एप्रिल ते २४ सप्टेंबर अशी पहिली मालिका टाकली. रूमने लगेच होकार दिला.

निमंत्रणाचा मजकूर आमच्याकडे इंग्रजीत होता. मराठीत तो असा होईल:

"दर बुधवारी, न्यू जर्सी वेळेनुसार सकाळी ८.३० ते ८.५५. ९ एप्रिल ते २४ सप्टेंबर. उद्याच्या आवृत्तीत अडलेले आणि तिन्ही ऑफिसांनी मिळून सोडवायचे प्रश्न, एवढाच विषय. प्रश्न मंगळवारी याच वेळेपर्यंत यादीत लिहावेत. यादी रिकामी असेल तर त्या बुधवारची बैठक मी रद्द करेन. बैठकीची जबाबदारी माझी. मी नसेन तेव्हा जर्मनीतली सहकारी चालवेल. एका बुधवारपुरता बदल हवा असेल तर २४ तास आधी मला मेल करा. कायमचा बदल हवा असेल तर तीन गोष्टी लिहा: कोणत्या तारखेपासून, काय अडतंय, आणि तुम्हाला चालेल अशी दुसरी वेळ. पुढच्या बैठकीच्या आत उत्तर देईन आणि ठरलेला बदल त्यानंतरच्या बैठकीपासून लागू होईल."

यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या जुन्या त्रासातून आली आहे. बदल मेलनेच मागा, हे मुद्दाम लिहिलं. आउटलुकमध्ये नवी वेळ सुचवायचं बटण आहे, पण ते एका दिवसाच्या बैठकीवर चालतं, पूर्ण मालिकेसाठी चालत नाही. शिवाय ती सूचना फक्त आयोजकाला दिसते. चॅटवर मागितलेला बदल तर दुसऱ्या दिवशी वर सरकून जातो. दुसरी वेळ लिहा, असं म्हटलं त्याचंही कारण आहे. नुसतं "जमत नाही" आलं की आयोजकाला नऊ जणांची कॅलेंडरं चाळावी लागतात. दुसरी वेळ लिहिली की मागणाऱ्याने निदान स्वतःचं कॅलेंडर तरी पाहिलेलं असतं. आणि बदल एका बैठकीनंतर लागू होतो तो यासाठी की सगळ्यांना तो किमान एकदा समोरासमोर ऐकायला मिळावा. घाईत बदललेल्या वेळेला हमखास कुणीतरी जुन्या वेळी येऊन बसतं. आमच्याकडेही पहिल्याच बुधवारी आमच्यातला एक जण साडेसहाला रूममध्ये येऊन बसला, कारण त्याने जुनी नक्कल काढायची राहिली होती. नवी बैठक तेव्हा नुकतीच संपली होती. मी त्याच्या शेजारी बसून ती काढून घेतली आणि मग बाकी सगळ्यांना एकेक करून विचारलं. आणखी दोघांकडे ती होतीच.

पहिले सहा आठवडे मी बैठक किती वाजता संपते ते वहीत लिहून ठेवलं. पहिल्या दोन वेळा अर्धा तास झाला. नंतर पाहिलं तर दोन्ही वेळी एकच प्रश्न बारा मिनिटं खात होता, आणि तो नऊपैकी तिघांचाच होता. तिसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटांत सुटत नसेल तो प्रश्न कोण कुणाबरोबर बसून सोडवणार एवढंच ठरवायचं, असं केलं. त्यानंतर बैठक वीस-बावीस मिनिटांत आटपायला लागली.

मोठी चूक ऑगस्टमध्ये झाली, आणि माझ्याच हातून. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, बुधवारच होता. आम्ही पाचही जण सुट्टीवर, म्हणून त्या दिवसाची बैठक रद्द करायची होती. सोमवारी संध्याकाळी, निघायच्या गडबडीत, मी कॅलेंडरमध्ये ती तारीख उघडली. ही एकच बैठक की पूर्ण मालिका, असं आउटलुकने विचारलं. मी पूर्ण मालिकेवर दाबलं आणि रद्द केल्याचा निरोप बाकी आठ जणांना गेला. माझ्या लक्षात आलं ते जर्मनीतून मेल आला तेव्हा: "बैठक बंद करतोय का आपण?" तोपर्यंत रूमची नोंदही सुटली होती आणि रात्रीतून दुसऱ्या टीमने ती रूम बुधवारी सहाला घेऊनही टाकली होती. गणपतीची सुट्टी संपल्यावर मी ३ सप्टेंबरपासूनची छोटी मालिका पुन्हा बसवली, दुसरी लहान रूम घेतली आणि त्या टीमकडे जाऊन रूम परत मागितली नाही. त्यांची काही चूक नव्हती.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते. एखादा बुधवार रद्द करायचा असेल तेव्हा आधी त्या दिवसाच्या मजकुरात पहिली ओळ लिहिते, "फक्त २२ ऑक्टोबरची बैठक रद्द", मग रद्द करते. तारीख स्वतःच्या हाताने टाइप केली की आपण एकाच दिवसावर काम करतोय की मालिकेवर, हे डोळ्यांना दिसतं. २२ ऑक्टोबरला दिवाळीचा पाडवा होता. २४ आणि ३१ डिसेंबरही बुधवारच होते. हे सगळे बुधवार मी दुसरी मालिका टाकली त्याच दिवशी एकेक करून काढून टाकले, म्हणजे गडबडीत करायची वेळच येऊ नये.

ती दुसरी मालिका १ ऑक्टोबर २०२५ ते २५ मार्च २०२६. ती टाकताना एक चूक वेळेत पकडली गेली. मालिका बसवून झाल्यावर मी सहज पुढे जाऊन ५ नोव्हेंबर उघडून पाहिला. तिथे संध्याकाळचे सहा दिसत होते. दिसायला हवे होते सात. म्हणजे मी न्यू जर्सीचं घड्याळ निवडायचंच विसरले होते, आणि आउटलुकने माझ्या लॅपटॉपचं, म्हणजे भारताचं, घड्याळ धरलं होतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या मालिकेत ही चूक झाली असती तर दिसलीच नसती, कारण त्या काळात कुणाचंच घड्याळ हलत नाही. वेळ निवडायच्या जागी टाइम झोनचा पर्याय उघडून तिथे `(UTC-05:00) Eastern Time (US & Canada)` निवडल्यावर ५ नोव्हेंबरला सात दिसले आणि २९ ऑक्टोबरला सहा. घड्याळ बदलायच्या तारखेच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक बैठक उघडून पाहायची, एवढी तपासणी पुरते.

कॅलेंडरच्या प्रमाणित फाइलमध्ये हीच मालिका अशी लिहिली जाते:

```
DTSTART;TZID=America/New_York:20251001T083000
DTEND;TZID=America/New_York:20251001T085500
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=WE;UNTIL=20260325T123000Z
```

यात सव्वीस तारखा कुठेच लिहिलेल्या नाहीत. पहिली बैठक, ती कुठल्या गावच्या घड्याळाने, आणि "दर आठवड्याला, बुधवारी, अमुक तारखेपर्यंत" हा नियम, इतकंच आहे. बाकी प्रत्येकाचं कॅलेंडर स्वतः मोजतं. गावाच्या जागी चुकीचं नाव पडलं की नियम बरोबर चालतो आणि माणसं चुकीच्या वेळी येतात. शेवटच्या ओळीतला `Z` म्हणजे तिथली वेळ न्यू जर्सीची नसून जागतिक प्रमाणवेळ आहे. न्यू जर्सीतले साडेआठ तेव्हा प्रमाणवेळेनुसार साडेबारा असतात, म्हणून तिथे 1230 दिसतात.

१५ ऑक्टोबरला कायमच्या बदलाची पहिली विनंती आली, आमच्याच टेस्टरकडून. निमंत्रणात सांगितल्याप्रमाणे तिने तीन गोष्टी लिहिल्या होत्या. तारीख ५ नोव्हेंबर. अडचण अशी की कंपनीची बस पावणेसातला सुटते, पुढची पावणेआठला, आणि तिच्या मुलीचं पाळणाघर साडेसातला बंद होतं. चालेल अशी वेळ म्हणजे सोमवार, कारण सोमवारी आम्ही पुण्याचे सगळे घरून काम करतो.

मला ती विनंती वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. वाईट, कारण तिची अडचण खरी होती आणि ती मीच निवडलेल्या घड्याळामुळे आली होती. बरं, कारण एरवी तिने काहीच बोललं नसतं. जुन्या बैठकीच्या काळात ती लॅपटॉप उघडा ठेवून बसमधून ऐकायची आणि हिंजवडीच्या चौकात नेटवर्क गेलं की तिचा प्रश्न तसाच राहायचा.

मी तीन वाटा तपासल्या. सोमवार धरला तर गुरुवारच्या आवृत्तीला तीन दिवस बाकी असतात, निम्मे प्रश्न तोवर उगवलेलेच नसतात. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच सुट्ट्या सोमवारीच येतात. नुसत्या या मालिकेत १९ जानेवारी आणि १६ फेब्रुवारी हे दोन सोमवार गेले असते. दुसरी वाट न्यू जर्सीची वेळ आठ करायची. म्हणजे पुण्यात साडेसहा ते सहा पंचावन्न. पण पावणेसातची बस तरीही चुकते, आणि तिकडच्या माणसाला मुलाला शाळेत सोडता येत नाही. एकाचं मूल सोडून दुसऱ्याचं आणायचं, असं मला करायचं नव्हतं. तिसरी वाट कॅलेंडरच्या बाहेरची होती: नोव्हेंबर ते मार्च पुण्याच्या टीमने सोमवारऐवजी बुधवारी घरून काम करायचं. म्हणजे ती दुपारी घरीच असेल, साडेसहाला मुलीला आणेल आणि सातला बैठकीला बसेल.

हा निर्णय माझ्या हातातला नव्हता. मी मॅनेजरकडे गेले आणि तिन्ही वाटा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बाकी चौघांचं काय म्हणणं?" चौघांनाही चालणार होतं. एकाने तर मलाही हेच हवं होतं म्हणून सांगितलं, त्याचा सासवडपर्यंतचा प्रवास आहे. २२ ला पाडव्यामुळे बैठक नव्हती, म्हणून २१ च्या आत मी तिला लेखी उत्तर दिलं: बैठकीची वेळ बदलणार नाही, का बदलणार नाही ते इतकं, आणि त्याऐवजी बुधवार घरून. २९ ला बैठकीत सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी जर्मनीत दीडच वाजला होता. मी आदल्या आठवड्यात कळवून ठेवलं होतं म्हणून दोघेही वेळेवर होते, एकाच्या हातात अजून कॉफीचा मग होता.

५ नोव्हेंबरला सात वाजता टेस्टरची चौकट उघडली तेव्हा तिच्या मांडीवर मुलगी होती. यादीतला दुसरा प्रश्न तिचा होता. बॅटरी कमी झाली की स्कॅनर शेवटची नोंद दोनदा पाठवतो, असं तिला दिसलं होतं. जर्मनीतल्या सहकारीने दोन उलटप्रश्न विचारले, न्यू जर्सीच्या माणसाने ग्राहकाकडे असंच घडल्याचं सांगितलं, आणि तो बदल त्या आवृत्तीत न पाठवता थांबवायचं चार मिनिटांत ठरलं. बैठक सात एकवीसला संपली.

फेब्रुवारीत मी यादी आणि वही घेऊन पुन्हा बसले, कारण मालिका मार्चमध्ये संपणार होती. बुधवार ठेवायचा, पंचवीस मिनिटं ठेवायची, हे कुणाला विचारावं लागलं नाही. मालक बदलायचा हे मीच सुचवलं. एकाच माणसाच्या खात्यावर ही बैठक वर्षानुवर्षं राहिली तर जुन्या लीडच्या बाबतीत झालं तेच माझ्या बाबतीत होईल. जर्मनीतली सहकारी तयार झाली. मी माझी मालिका वाढवली नाही, २५ मार्चलाच संपू दिली. तिने १ एप्रिलपासूनची स्वतःच्या खात्यावरून नवी टाकली. असं केलं की जुन्या बैठकांच्या नोंदी जागच्या जागी राहतात आणि मूळ प्रत नव्या मालकाकडे जाते.

तिला मी तीन गोष्टी लिहून दिल्या: तुझा लॅपटॉप जर्मनीची वेळ धरेल, तेव्हा न्यू जर्सीचं घड्याळ हाताने निवड. शेवटची तारीख १८० दिवसांच्या आत ठेव. आणि बदल मागायची ओळ आहे तशी राहू दे, फक्त माझ्या नावाच्या जागी तुझं घाल. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं निमंत्रण आलं. मी स्वीकारायच्या आधी एप्रिलमधला एक बुधवार उघडून पाहिला. पुण्यात संध्याकाळचे सहा.